मदत हवी: कूल-डाउन केलं की रिकव्हरी कमी दिसते, आणि मांड्या दुखायच्या त्या दुखतातच

भरती_धुळे: पोलीस भरतीची तयारी चालू आहे. १६०० मीटर संपवून जागेवर थांबलो तर घड्याळात ठोके एका मिनिटात १८२ वरून १४२ वर येतात. सर म्हणतात म्हणून दोन राउंड हळू पळालो तर १६० च्या खाली जात नाहीत. कूल-डाउनने रिकव्हरी बिघडते का? वर कालपासून मांड्या इतक्या दुखतात की जिना उतरवत नाही. सोमवारी टेस्ट आहे, लवकर सांगा.

तापीकाठ: दुखण्याच्या आदल्या दिवशी कुठे पळालात? घड्याळ मनगटाचं की छातीचा पट्टा?

जिम_जळगाव: लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय. कूल-डाउन १५ मिनिटं करा, निघून जाईल.

रावेरकर: केळी खा भो, रोज दोन. पायात गोळे येणार नाहीत.

भरती_धुळे: गोळे नाहीत, दुखतंय. बुधवारी लळिंग घाट केला, वर चालत आणि खाली पळत, चार वेळा. घड्याळ मनगटाचं.

तापीकाठ: मग उतारानेच दुखतंय. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावतो, त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. ती नंतरच्या कूल-डाउनने भरत नाही. लॅक्टेट हळू पळाल्याने लवकर उतरतं हे खरं, पण नुसतं बसलं तरी तासाभरात उतरतंच. दुसऱ्या दिवशी सुरू झालेलं दुखणं त्याच्या माथी कसं मारायचं?

ठोक्यांचं म्हणाल तर, पळत राहिलात तर हृदयाला काम आहेच, ते १४२ वर येईल कशाला? तुलना करायची तर दर वेळी एकच पद्धत ठेवा: शेवटची रेषा ओलांडली की एक मिनिट ठरावीक वेगाने चालायचं आणि आकडा बघायचा. वेळही तीच ठेवा, दुपारच्या उन्हात ठोके उशिरा उतरतात. मनगटाचं घड्याळ वेगातला बदल थोडा उशिरा पकडतं, म्हणून दोन-चार ठोक्यांच्या फरकावर जाऊ नका.

जिम_जळगाव: मग कूल-डाउन बंदच करायचं का? आमची पोरं केल्यावर मोकळी वाटतात म्हणतात.

तापीकाठ: वाटत असेल, मी नाही म्हणत नाही. पण करायचं ते चक्कर येऊ नये म्हणून. जोरात पळून एकदम थांबलं की पोटरी रक्त वर ढकलायची थांबते, रक्त पायातच राहतं, रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पाच मिनिटं चाललात तरी पुरे, दोन राउंड पळायची सक्ती नाही.

भरती_धुळे: मग सोमवारपर्यंत काय करू?

तापीकाठ: शनिवार-रविवार फक्त सपाटीवर चाला. उतार नको, बैठका नको. रविवारपर्यंत बरंच उतरायला हवं. लघवी चहासारखी गडद झाली किंवा मांडी सुजली तर मात्र टेस्ट राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

जिम_जळगाव: बैठका हलक्या चालतील.

तापीकाठ: टेस्टच्या आधी नकोच. घाट पुन्हा करायचा तर टेस्टनंतर, आणि पहिल्यांदा एकदाच उतरा. पुढच्या वेळी तोच उतार कमी दुखेल.

भरती_धुळे: आणि उद्या गोळाफेकीचा सराव आहे, तो करू का?