छताचा नकाशा आधी काढायचा की जागेवर खडूने खुणा करायच्या?

नवंघर
सांगलीत विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. बेडरूम १३ बाय ११. पुढच्या आठवड्यात फॉल्स सीलिंग सुरू होईल. पलंगाचं डोकं एका ११ फुटी भिंतीला, समोरच्या ११ फुटी भिंतीला दोन फूट खोल कपाट, दार कपाटाजवळ. बिल्डरचा फॅन बॉक्स खोलीच्या बरोबर मध्यावर आहे. इंटिरियरवाला छताच्या नकाशाचे वेगळे पैसे मागतोय. वायरमन म्हणतो, "कागद कशाला? सहा पॅनेल लाइट, तीनाच्या दोन ओळी, खडूने खुणा करून देतो." पैसे द्यावेत का?

तारवाला मिरजकर
देऊ नका. पंख्याचा हूक स्लॅबमध्ये, तो कागदावर काढला तरी तिथंच राहणार. लाइट दोन्ही लांब भिंतींपासून तीन-तीन फूट सोडून ओळीत लावायचे, झालं. मी आजवर खडूवरच घरं केली, कुणाची तक्रार नाही. नकाशा मोठ्या ऑफिसला लागतो.

शैलजा, सातारा
मिरजकर, तुमच्याच मापांनी बघू. लांबीत ३, साडेसहा आणि १० फुटांवर लाइट येतील. म्हणजे मधल्या जोडीतला प्रत्येक लाइट पंख्याच्या मध्यापासून अडीच फुटांवर. ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून दोन फूट जातं. लाइट आणि पात्याचं टोक यांत राहिलं अर्धा फूट.

आता उंची. स्लॅब साडेनऊ फुटांवर आणि सीलिंग सहा इंच खाली धरलं, तर सीलिंग ९ फुटांवर येतं. पाती ८ फुटांवर, आणि त्याखाली आणू नयेत. म्हणजे पातं सीलिंगच्या एक फूट खाली फिरतं. पसरट पॅनेलचा उजेड उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत पसरतो, त्यामुळे एक फूट खाली येईस्तोवर तो बाजूला पावणेदोन फूट गेलेला असतो. पात्याचं टोक तर अर्ध्याच फुटावर आहे. पंखा लावला की उजेड कापला जाणार आणि भिंतीवर, पुस्तकावर सावल्या थरथरणार. तक्रार येत नाही कारण लोक पंखा दोनवर ठेवून गप्प बसतात, किंवा मधले लाइट लावतच नाहीत.

म्हणून पंख्याच्या मध्यापासून दोन अधिक पावणेदोन, म्हणजे पावणेचार फुटांच्या आत पसरट लाइट नको. नकाशावर पंख्याभोवती तेवढं वर्तुळ काढलं की सगळं दिसतं. कोपऱ्यांतले चारही मध्यापासून सव्वाचार फुटांच्या पुढे आहेत, ते ठीक. मधले दोन काढा, किंवा लांब भिंतींपासून पावणेदोन फुटांवर सरकवा. मी काढेन. ११ बाय १३ ला बारा वॅटचे चार पुरतात.

तारवाला मिरजकर
ताई, थरथर पंख्याने नाही होत, लाइटला वीज देणाऱ्या स्वस्त ड्रायव्हरने होते. ड्रायव्हर बदलला की बंद. दहा ठिकाणी बघितलंय.

शैलजा, सातारा
ड्रायव्हरनेही होते, ते खरंच. ओळखायचं असेल तर पंखा बंद करून लाइटचा मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा. तेव्हाही लाइट लुकलुकताना दिसला तर ड्रायव्हर. पंखा सुरू असतानाच थरथरतं आणि रेग्युलेटर फिरवला की थरथरीचा वेग बदलतो, तर पाती. त्याला ड्रायव्हर कितीही महागाचा लावा, फरक पडत नाही.

गावभागचा बाळू
तुम्ही वरचं काय बोलताय, खालचे बोर्ड बघा आधी! २०१९ च्या पुरात आमचे फुटावरचे सगळे सॉकेट पाण्यात गेले. आता एकही बोर्ड चार फुटांच्या खाली ठेवत नाही. नवंघर, तुम्हीही तेच करा.

नवंघर
बाळूदादा, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत हो. आयर्विन पुलावरून पाणी गेलं तरी आमचा सॉकेट कोरडाच. शैलजाताई, भिंतीवरच्या बोर्डांचाही या नकाशाशी काही संबंध असतो का?

शैलजा, सातारा
मला तर नकाशाचं अर्धं काम तेच वाटतं. प्रत्येक बटणापासून त्याच्या लाइटपर्यंत तुटक वाकडी रेघ काढतात. तुमच्या खोलीत सगळ्या रेघा दाराजवळच्या बोर्डात जातील आणि पलंगाकडे एकही येणार नाही. म्हणजे लाइट आणि पंखा बंद करायला रोज रात्री उठा. एक लाइटची जोडी आणि पंखा टू-वे करा, म्हणजे दोन्हीकडच्या बटणांनी चालू-बंद होतील, पंख्याचा रेग्युलेटर पलंगाकडे घ्या. त्यासाठी दोन्ही बोर्डांमध्ये पाइप आणि जादा वायर लागते, ती झिरी पुट्टीच्या आधी मारावी लागते. पुट्टीनंतर आठवलं तर रंगासकट खर्च.

पलंग ६ फुटी असेल तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरतात. तिथला बोर्ड भिंतीच्या कोपऱ्यापासून फूटभर घ्या, नाहीतर पलंगाची पाठ त्यावर चढते. उंची साइड टेबल ठरल्यावर ठरवा. दाराजवळचा बोर्ड कडीच्या बाजूला. बिजागरीकडे घेतला तर उघडलेल्या दारामागे हात घालावा लागेल.

प्रसाद कऱ्हाडचा
एक शंका. छताकडे खालून बघतो तर डावं-उजवं उलटं दिसायला हवं ना? मी माझ्या हॉलचा नकाशा तसाच उलटा काढला आणि पीओपीवाल्याला दिला.

शैलजा, सातारा
प्रसाद, आधी त्याला फोन करा. छत जमिनीवर ठेवलेल्या आरशात बघितल्यासारखं काढतात, त्यामुळे खिडकी फ्लोअर प्लॅनमध्ये जिथं आहे तिथंच राहते. दोन्ही कागद एकावर एक ठेवले की भिंती जुळल्या पाहिजेत. तुमचे टीव्हीसमोरचे लाइट जेवणाच्या टेबलावर जातील.

तारवाला मिरजकर
टू-वेचं मान्य, ते मीही विचारतो गिऱ्हाइकाला. पण पंख्याचं राहिलंच. कपाट दोन फूट खाणार, म्हणजे मोकळी जागा ११ बाय ११. तिचा मध्य पलंगाच्या भिंतीपासून साडेपाच फुटांवर, हूक साडेसहावर. पलंग साडेसहा फूट लांब, म्हणजे पंख्याचा मध्य बरोबर पायाशी. स्लॅबमध्ये अँकर फास्टनर मारून फूटभर पुढे घेता येतो. मी घेतलेत.

शैलजा, सातारा
घेता येतो, पण मग माझं वर्तुळही फूटभर सरकतं. डोक्याकडचे दोन लाइट नव्या मध्यापासून साडेतीन फुटांवर येतात, पावणेचारच्या आत. त्यांना भिंतीकडे अर्धा फूट तरी सरकवायला हवं. हे खडूने लक्षात येत नाही, मला कागदावरच दिसलं.

आणि फास्टनरबद्दल मी जपून आहे. हूक स्लॅब ओतताना सळीला अडकवलेला असतो, फास्टनर काँक्रीटच्या पकडीवर असतो आणि पंखा त्याला वर्षानुवर्षं हलवतो. बिल्डरच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिल लावू नका, तुळईत तर नाहीच. पंखा पायाशी राहिला तरी वारा गुडघ्यांपासून येतोच.

तारवाला मिरजकर
गुडघ्यांना वारा घालायला पंखा लावतात होय? चांगला फास्टनर हलत नाही. मी माझ्या घरी लावलाय.

नवंघर
इंजिनिअरला उद्या विचारतो. तोवर मधले दोन लाइट रद्द, टू-वेची झिरी परवा. नकाशाचे पैसे देतोय, फक्त वर्तुळ आणि तुटक रेघा त्यात असल्या पाहिजेत असं सांगून. मिरजकर, वायरमन तुमच्याच ओळखीचा निघाला, त्याला पावणेचार फुटांचं तुम्हीच समजवा.