अनुभव धागा: गाइडला ‘मीटिंग पुढे ढकला’ असं कळवताना तुमचं काय झालं?

गेल्या महिन्यात माझी एक फजिती झाली, तिच्यावरून हा धागा काढतोय. घरी अचानक काही घडलं आणि पीएच.डी.च्या प्रगतीची ठरलेली बैठक पुढे ढकलायला गाइडना निरोप पाठवावा लागला, असे अनुभव इथे लिहा. निरोप आठवत असेल तर जसाच्या तसा द्या.

माझ्यापासून सुरुवात करतो. मी सोलापुरातच संशोधन करतो, विषय यंत्रमाग कामगारांच्या बदलत्या रोजगाराचा. गुरुवारी सकाळी ११ वाजता सल्लागार समितीपुढे माझा सहामाही प्रगती अहवाल होता. मंगळवारी रात्री जेवण झाल्यावर वडिलांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं, ईसीजी बघून त्यांनी लगेच आयसीयूत घेतलं. आईला घरी पाठवून मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि रात्री २ वाजून ४० मिनिटांनी सरांना लिहिलं:

‘सर, मी परवा येऊ शकत नाही. घरी जरा प्रॉब्लेम आहे. सॉरी.’

सकाळी सहाला सरांचं उत्तर आलं: ‘ठीक.’ मी निश्चिंत.

घोळ ‘परवा’मध्ये होता. मी झोपलोच नव्हतो, त्यामुळे माझ्या डोक्यात अजून मंगळवारच चालू होता आणि परवा म्हणजे गुरुवार. सरांनी निरोप वाचला बुधवारी सकाळी, त्यावर वेळही बुधवारचीच. त्यांचा परवा शुक्रवार. दर शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं प्रकरणांवर बोलत बसतो, त्यांना वाटलं त्याचीच दांडी. ‘घरी जरा प्रॉब्लेम’ म्हणजे पाहुणे आले असतील.

समितीतले बाहेरचे तज्ज्ञ बुधवारी संध्याकाळच्या हुतात्माने पुण्याहून आले. गुरुवारी ११ वाजता सगळे बसलेले, प्रोजेक्टर लावलेला, मी नाही. सरांचे चार फोन आले, पण मोबाईल बॅगेत होता आणि मी औषधं आणायला खाली. इतिवृत्तात ‘संशोधक अनुपस्थित’ अशी नोंद झाली. वडील आता घरी आहेत, जिना चढायला बंदी आहे एवढंच. सर रागावले नाहीत, पण त्या तज्ज्ञांसमोर त्यांची मान खाली गेली ते मला लागलंय.

केगावची सावली

मी स्वतः गाइड आहे, आठ विद्यार्थी आहेत, म्हणून पलीकडच्या खुर्चीतून सांगते.

आधी हे बघा की बैठक कोणती. आमची आठवड्याची चर्चा असेल तर ‘मॅडम, आज जमत नाही’ एवढंही पुरतं. समितीची बैठक वेगळी. त्या समितीचा निमंत्रक गाइडच असतो. तारीख घ्यायची, पत्र काढायचं, बाहेरच्या माणसाच्या प्रवासाचं आणि मानधनाचं कार्यालयात बघायचं, हे सगळं आमच्या गळ्यात. तुमचा निरोप आला की पुढच्या अर्ध्या तासात मला तीन-चार फोन करायचे असतात. त्या फोनवर मी काय बोलू, ते तुमच्या निरोपात हवं.

धागाकर्त्याच्या जागी मला असं काही आलं असतं तर बरं झालं असतं:

‘नमस्कार मॅडम. गुरुवार दि. ११ रोजी सकाळी ११ ची समितीची बैठक मला करता येणार नाही. वडिलांना काल मंगळवारी रात्री हृदयविकाराचा झटका आला, ते आयसीयूत आहेत आणि सोबत मीच आहे. समितीच्या सदस्यांना कळवावं ही विनंती. अहवालाची फाइल तयार आहे, आज सकाळी मेल करतो. पुढची तारीख डॉक्टरांशी बोलून रविवारपर्यंत कळवतो. फोन सायलेंटवर आहे, तातडीचं असेल तर भावाचा नंबर खाली देतो.’

यात माफी कुठेच नाही, ते मुद्दाम. बाप आयसीयूत असताना सॉरी कसलं? पण वार आणि तारीख दोन्ही आहेत. एक चुकलं तर दुसऱ्यावरून कळतं. आणि ‘बैठक रद्द करा’ असं कधी लिहू नका. रद्द झाली की तुमच्या सत्राचा अहवालच झाला नाही असा अर्थ निघतो. पुढे ढकला म्हणा.

भागवतपासून_सरळ

माझ्या माहितीप्रमाणे व्हॉट्सअ‍ॅप धरतच नाहीत. ईमेल पाहिजे आणि सोबत मेडिकल सर्टिफिकेट जोडलंच पाहिजे, नाहीतर गैरहजेरी लागते. माझ्या मित्राला लागली होती.

केगावची सावली

@भागवतपासून_सरळ, अर्धं बरोबर आहे. फाइलला कागद लागतो, पण तो नंतर. रात्री अडीचला सर्टिफिकेट कोण देणार? आधी मेसेज, दोन-तीन तासांत टिक निळी झाली नाही तर फोन, आणि माणूस घरी आला की आठवड्याभरात साधा अर्ज व डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. त्या अर्जावर गाइडचा शेरा आणि विभागप्रमुखांची सही घेऊन तो त्या सत्राच्या अहवालाला लावायचा. धागाकर्त्याने अजून दिला नसेल तर उद्या द्या. ‘अनुपस्थित’ खोडता येत नाही, पण पुढच्या इतिवृत्तात ‘पूर्वसूचना व सबळ कारणास्तव’ असं येऊ शकतं. फेलोशिपवाल्यांनी हे टाळूच नये, हप्ता मागताना प्रगतीचे कागद मागितले की तेच पान पुढे येतं.

कडकभाकरी

आमच्याकडं उलटं झालं बे. मी एवढं सविस्तर लिहिलं की सर घाबरले. आज्जी पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करायचं का नाही, काका नको म्हणालाय, आत्या रडालीय, सगळं लिहिलं. आणि दिवस सांगायचाच राहिला! सरांचा फोन आला, म्हणाले, ‘अरे आज्जीचं कळलं, पण तू येणारैस का नाही ते सांग की.’

मागावरची पोर

मी थोडं वेगळं सांगते. आम्ही घरी तेलुगू बोलतो, मराठी शाळेतली. गाइडशी मराठीतच बोलते, पण लिहायचं म्हटलं की हात आखडतो. माझ्या धाकट्या दिराचा अपघात झाला तेव्हा मी नेटवरून इंग्रजी नमुना उचलून ईमेल केला. एकदम कोर्टाची नोटीस. मॅडमनी तसंच कोरडं उत्तर दिलं, ‘नोंद घेतली’. मला वाटलं चिडल्या. दोन दिवसांनी त्यांनाच विभागात दुसऱ्या मुलीकडून खरं कळलं तेव्हा धावत दवाखान्यात आल्या, डबा घेऊन. म्हणाल्या, ‘तू मला दीर म्हणून का नाही लिहिलंस? तू फॅमिली इमर्जन्सी लिहिलंस. तसं तर गॅस संपला तरी लिहितात.’

आणि हो, मी निरोपात ‘सोमवारी नक्की येते’ लिहिलं होतं. सोमवारी त्याचं दुसरं ऑपरेशन निघालं. परत ढकलावं लागलं आणि तो दुसरा निरोप लिहायला पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटली.

अक्कलकोट_रोड

तारीख देऊच नये या मताचा मी. दवाखान्यातलं कुणाच्या हातात असतं?

केगावची सावली

@अक्कलकोट_रोड, तारीख नका देऊ, पण तारीख कधी सांगणार ते द्या. नाहीतर मी बाहेरच्या सदस्यांना काय सांगू? त्यांच्या डायऱ्या महिनाभर भरलेल्या असतात.

अक्कलकोट_रोड

तेही एक बंधनच झालं मॅडम. माझी आई गेली तेव्हा मी ‘रविवारी कळवतो’ लिहिलं होतं आणि रविवारी तिची राख सावडली. मला आठवणही नव्हती. सरांना मात्र वाटत राहिलं की याने कळवलं नाही.

बार्शीकर७

सुतकाचं कुणी बोललं नाही. माझे चुलते वारले. मी सरांना ‘घरी दुःखद घटना घडली, शुक्रवारची बैठक जमणार नाही’ एवढंच लिहिलं. सर जुन्या वळणाचे. त्यांनी मनानेच धरलं की हा तेरा दिवस येत नाही, आणि बैठक थेट पुढच्या महिन्यात टाकली. मी पाचव्या दिवशी विभागात हजर! मला तर ती बैठक लवकर हवी होती, माझं शेवटचं सत्र होतं. घरात कोण गेलं आणि आपण किती दिवस नाही, दोन्ही लिहायला हवं होतं. ‘दुःखद घटना’ वाचून समोरचा विचारतही नाही, विचारणं बरं दिसत नाही ना.

नवीन_नोंदणी

माझी सहा वर्षं पुढच्या जूनमध्ये संपतात. सासूबाई अंथरुणाला आहेत. गाइडना मेसेज करून मुदत वाढते का? महिलांना जास्त मिळते ना?

केगावची सावली

@नवीन_नोंदणी, हा वेगळा विषय झाला. मेसेजने नाही वाढत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत सहा वर्षांनंतर फेरनोंदणीने जास्तीत जास्त दोन, आणि महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, पण ती विद्यापीठाच्या प्रक्रियेने. अर्ज जूनची वाट न बघता आत्ताच लिहायला घ्या. सासूबाईंसाठी एखादी बैठक चुकणं आणि मुदत संपणं या दोन गोष्टी एका निरोपात घालू नका, गाइड गोंधळतात.

कडकभाकरी

मॅडम, एक विचारू का? खोटं बोलणारे ओळखू येतात का हो? आमच्या बॅचमध्ये एकाची आज्जी दर सत्राला जाते.

केगावची सावली

येतात. खरं संकट असलेला पोरगा अहवालाची फाइल देतो, निदान तिचं काय झालं ते तरी सांगतो. ज्याचं काम झालेलं नसतं तो फक्त आज्जीबद्दल लिहितो. पण मी तपासत नाही. एकदा एका मुलावर संशय घेतला होता आणि तो खरं बोलत होता. ते अजून मनात आहे.

धागाकर्ता

अर्ज आज दिला, डिस्चार्ज कार्ड जोडून. मॅडम, तुमच्यासारखंच लिहिलं, फक्त ‘क्षमस्व’ माझ्याच्याने काढवलं नाही. सरांनी शेरा मारला. नवीन बैठक २३ तारखेला, मंगळवारी. मी मेसेज केला, ‘सर, मंगळवार दि. २३, सकाळी ११, नक्की येतो.’ उत्तर आलं: ‘ठीक.’ आता या ठीकचा अर्थ काय लावायचा, ते सांगा.

मागावरची पोर

सोमवारी संध्याकाळी फोन कर.