मदत हवी आहे: पाच पॉइंटच्या फिटमध्ये शेवटच्या रीडिंगचं काय करायचं?

रावेरकडे केळीरोपांच्या शेडनेटमध्ये तापमानाचा सेन्सर आहे, दर 10 मिनिटांनी रीडिंग येतं पण आकडे लई उड्या मारतात. म्हणून i = −2 ते 2 धरून a+bi+ci² बसवलं, समीकरणं आली 5a+10c=Σy अन् 10a+34c=Σi²y, त्यातून मधल्या पॉइंटची वजनं (17−5i²)/35, म्हणजे −3, 12, 17, 12, −3 भागिले 35. बेरीज बरोबर 1, मधला ग्राफ मस्त येतो.

घोळ शेवटच्या पॉइंटला. तोच वक्र i=2 ला काढला तर 3, −5, −3, 9, 31 भागिले 35, म्हणजे ताज्या रीडिंगलाच 31/35, नॉइज जवळपास तसाच! दोन रीडिंग थांबलो तर 20 मिनिटं उशीर, ते चालत नाही, फॉगरचा पंप त्यावरच सुरू होतो. फक्त तिथं सरळ रेष लावली (ताज्याला 0.6) तर दुपारी तापमान वळतं तेव्हा किती चुकेल, की क्वाड्रॅटिकच ठेवून विंडो 7 ची करू?