मदत हवी आहे: पांढऱ्या बॅकग्राउंडचे फोटो परत आले, सपोर्टला मेल कसा लिहू?

मी पितळी समया ऑनलाइन विकते. ११ पैकी ४ समयांचे मुख्य फोटो ‘बॅकग्राउंड साधं नाही’ म्हणून नाकारले गेले. सगळे फोटो एकाच दुपारी, खिडकीपाशी, एकाच पांढऱ्या कार्डशीटवर काढलेत!

मग एका फोटोचा कोपरा एडिटरमध्ये तपासला. शुद्ध पांढरा म्हणजे तिन्ही रंगांचे आकडे २५५ हवेत. माझे २३८, २३५, २२६ निघाले. डोळ्याला पांढरा, प्रत्यक्षात पिवळट करडा. नाकारलेले चारही फोटो ऊन उतरल्यावर काढलेले असावेत. बॅकग्राउंड ॲपने पुसून पाहिलं, तर समयीच्या वरचा मोर अर्धा गायब! पितळेत कागदाचं पांढरं प्रतिबिंब पडतं, ॲप तेही बॅकग्राउंड समजून कापतं.

सपोर्टला हा मेल लिहिलाय:

‘नमस्कार, सोबतच्या ४ एसकेयूंचे मुख्य फोटो नाकारले गेले आहेत. कारण बॅकग्राउंडचा रंग, समयीखालची सावली की पितळेतलं प्रतिबिंब, हे प्रत्येक फोटोनिहाय कळवावे. तळाची हलकी सावली चालते का? मंजूर झालेला एक आणि नाकारलेला एक फोटो तुलनेसाठी जोडला आहे.’

एवढं पुरेल का? मागच्या वेळी नुसतं ‘फोटो का नाकारले?’ विचारलं, तर नियमांची लिंक चिकटवून तिकीट बंद केलं. आणि पितळ, स्टील विकणाऱ्यांनो, समयी कागदापासून दोनेक फूट पुढे ठेवून मागच्या कागदावर वेगळा दिवा टाकला तर तो पुरेसा पांढरा येतो का? कोणी करून पाहिलंय?