मदत हवी आहे: घरासाठी वर्षभराचा एकपानी प्लॅनर, महिने आडवे लावू की उभे?

वेलची

मंडळी, घरात पाच माणसं: मी, नवरा (कारखान्यात पाळी, दर आठवड्याला बदलते), सातवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि सासूबाई. कोणाची परीक्षा कधी, सासूबाईंची डोळ्यांची तपासणी कधी, गॅसवाला कधी, सगळं माझ्या डोक्यात असतं आणि मी आजारी पडले की घर आंधळं होतं. म्हणून पूर्ण वर्ष एका कागदावर दिसेल असा प्लॅनर स्वतः बनवून छापायचं ठरवलं. शाळेच्या हिशेबाने जून २०२६ ते मे २०२७.

पहिला प्रयत्न फसला. ए३ कागद आडवा घेतला, बारा महिन्यांच्या बारा ओळी, १ ते ३१ असे एकतीस रकाने. स्क्रीनवर झकास दिसत होतं. छापून आणल्यावर एकेक चौकोन जेमतेम १२ मिमी रुंद आणि २१ मिमी उंच निघाला. त्यात "दंतवैद्य" लिहायला गेले तर "दंत" वर आणि "वैद्य" खाली. शिवाय रविवार कागदभर पेरल्यासारखे विखुरलेत, शनिवार-रविवार मोकळा कुठला हे शोधायला बोट फिरवावं लागतं. आणि वर कडी म्हणजे दुकानदाराने गुळगुळीत कागद दिला, जेल पेनची शाई हाताला लागते.

फ्रिज आणि दाराच्या चौकटीमधली भिंत ४५ सेंमी रुंद आहे, वर जागा भरपूर. मांडणी कशी करू?

आजोळ

अगं, कालनिर्णय आण ना! १९७३ पासून चालतंय, सगळं असतं त्यात. तिथी, सण, मागे वाचायला मजकूर. आमच्याकडे दुधाचा खाडा, कामवालीचा खाडा, सिलिंडरची तारीख, सगळं त्याच्यावरच. स्वतः छापायचा उद्योग कशाला?

वेलची

आजोळताई, कालनिर्णय आहेच, खाडेही तिथेच पडतात. पण त्यात एका वेळी एकच महिना दिसतो. फेब्रुवारीतली मुंज आणि मार्चमधली परीक्षा शेजारी शेजारी बघायची असेल तर पानं उलटावी लागतात. मला तेवढ्यापुरताच हा कागद हवाय.

टिंगूशेठ

मोठा कागद घ्या, विषय संपला. ए१ वर छापा, चौकोन दुप्पट. आणि लॅमिनेट करा म्हणजे मार्करने लिहून पुसता येईल. आमच्या ऑफिसात तसाच आहे.

मोजपट्टी

छपाईच्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टिंगूशेठ, ए१ म्हणजे ५९४ बाय ८४१ मिमी. त्यांची भिंत ४५ सेंमीची आहे, तो उभा धरला तरी बसत नाही. पण कागद मोठा हवा हे खरं. फक्त त्याआधी तो फिरवून बघायला हवा, कारण वेलचीताईंची मुख्य अडचण चौकोनाच्या आकारमानापेक्षा त्याच्या घडणीत आहे. आपण लिहितो आडवं, आणि चौकोन उभट. उभट चौकोन टिकल्या नाहीतर स्टिकर लावायला बरा, शब्द लिहायला नाही.

तोच ए३ कागद उभा धरा. महिन्यांचे बारा उभे रकाने, तारखा वरून खाली. समास, डावीकडची वारांची पट्टी आणि महिन्यांची नावं सोडून चौकोन साधारण २२ मिमी रुंद, १०.५ मिमी उंच येतो. क्षेत्रफळ तुमच्या आत्ताच्या चौकोनापेक्षा किंचित कमीच, पण "दंतवैद्य" एका ओळीत बसतो. आता हेच ए२ वर करा. तो ४२० मिमी रुंद, म्हणजे तुमच्या ४५ सेंमीत बसतो, आणि ५९४ मिमी उंच. चौकोन येतो ३२ बाय १५ मिमी. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असल्यामुळे हाताने लिहिताना एका ओळीला ७-८ मिमी लागतात, म्हणजे दोन ओळी मावतात. तारीख डाव्या कोपऱ्यात लहान ठेवा, मधोमध नको.

रविवार विखुरतात त्याला उपाय असा की ओळी तारखांच्या न करता वारांच्या करायच्या. डावीकडे सोम, मंगळ, बुध असे वार खालपर्यंत पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक महिना आपल्या वाराच्या ओळीपासून सुरू होतो. वर काही चौकोन रिकामे राहतात, खाली काही, पण सगळे रविवार एका आडव्या पट्टीत येतात. ती पट्टी १० ते १५ टक्के काळ्या रंगाची ठेवा. त्याहून फिकी केली तर छपाईत उडते, गडद केली तर त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं दिसत नाही.

टिंगूशेठ

पण मग ३१ च्या ऐवजी ३७ ओळी लागतात. महिना आठवड्याच्या शेवटच्या वारी सुरू झाला तर आधीचे ६ रिकामे अधिक ३१. गणित केलंय मी.

मोजपट्टी

सर्वसाधारणपणे बरोबर. पण ह्या बारा महिन्यांत आठवडा सोमवारी सुरू केला तर ३६ पुरतात. नोव्हेंबर २०२६ रविवारी सुरू होतो, पण त्याचे ३० च दिवस. ऑगस्ट आणि पुढचा मे शनिवारी सुरू होतात, ५ अधिक ३१. तिन्हींची बेरीज ३६. आठवडा रविवारपासून धरलात तर मात्र त्याच ऑगस्टमुळे ३७. घरच्या प्लॅनरला सोमवार बराच पडतो, शनिवार-रविवार एकत्र राहतात.

तारखा हाताने भरू नका, चूक होतेच. गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये दुसऱ्या ओळीत महिन्यांच्या पहिल्या तारखा ठेवा:

```
B2:  =DATE(2026,6,1)
C2:  =EDATE(B2,1)
```

C2 उजवीकडे M पर्यंत ओढा. मग B3 मध्ये हे सूत्र टाकून खाली ३८ व्या ओळीपर्यंत आणि उजवीकडे M पर्यंत भरा:

```
=IF(MONTH(B$2-WEEKDAY(B$2,2)+ROW()-2)=MONTH(B$2),
    B$2-WEEKDAY(B$2,2)+ROW()-2, "")
```

चौकोनांना फक्त दिवस दिसेल असा फॉरमॅट द्या, नाहीतर पूर्ण तारीख दिसेल. रविवार ९, १६, २३, ३० आणि ३७ ह्याच ओळींत येतात, तेवढ्या राखाडी करा. पडताळा घ्यायचा तर १ जून सोमवारी, म्हणजे अगदी वरच्या चौकोनात, आणि ३० नोव्हेंबर अगदी तळाच्या ओळीत दिसला पाहिजे.

खडीसाखर

मी न्यू जर्सीत, आमच्याकडे वेगळंच चाललंय. माझी नर्सची ड्यूटी, त्यामुळे महिने मी काढूनच टाकले. सोम ते रवि सात रकाने आणि आठवड्यांच्या ओळी एकाखाली एक सलग, महिना बदलला की नुसती जाड रेघ. फायदा असा की २८ डिसेंबर ते २ जानेवारीची ट्रिप एका सलग रेघेत दिसते. मोजपट्टींच्या मांडणीत ती डिसेंबरच्या तळाशी तुटते आणि जानेवारीच्या माथ्यावर पुन्हा उगवते. वेलची, तुझ्या नवऱ्याची पाळी आठवड्याने बदलते ना? मग अख्खी ओळ एका रंगाने रंगव.

मोजपट्टी

महिन्यांच्या शिवणीवर माझी मांडणी फाटते, कबूल. तुमच्या पद्धतीत १ जून २०२६ ते ३१ मे २०२७ म्हणजे ५२ आठवडे आणि एक दिवस. ए२ वर ओळ साधारण १० मिमी उंच, चौकोन ५५ मिमी रुंद. म्हणजे एकच ओळ, पण लांब. पाच माणसांच्या घरात एका दिवशी दोन-तीन गोष्टी येतात, तिथे एका ओळीत कोंबाकोंबी होईल. दोन माणसांचं घर असेल तर मी स्वतः तुमचीच मांडणी घेईन.

आजोळ

सण कोणत्या तारखांना टाकणार आहेस? यंदा अधिक ज्येष्ठ आलाय, सगळं उशिरा आहे. गणपती १४ सप्टेंबर, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर. मागच्या वर्षीची फाइल उचलू नकोस म्हणजे झालं.

वेलची

अरे बापरे, आजोळताई, गणपती ऑगस्टअखेर टाकले होते मी! वाचवलंत.

मोजपट्टीकाका, दोन प्रश्न. पाच माणसांना पाच रंग ठरवले होते, पण नवऱ्याला लाल-हिरवा नीट ओळखू येत नाही. आणि लॅमिनेशनचं काय करू?

मोजपट्टी

नुसत्या रंगावर विसंबू नका. प्रत्येक नोंदीआधी नावाचं आद्याक्षर गोलात लिहा, रंग हा वरचा साज. माणसागणिक चौकोनात उभे कप्पे पाडायचा मोह होईल, पण ३२ मिमीचे पाच भाग म्हणजे सहा-साडेसहा मिमी. पुन्हा तुमचा १२ मिमीचाच रडगाणा रकाना, त्याहून वाईट.

लॅमिनेशन नको. ऑफिसच्या फळ्यासमोरून मुलं दप्तर घासत जात नाहीत. घरात खांदा लागला की परीक्षा पुसली जाते, आणि महिनोन्महिने न पुसलेला मार्कर डाग सोडतो. शिवाय ट्यूबलाइट चकाकते ती वेगळीच. साधा मॅपलिथो कागद मागा, आर्ट पेपर नको. त्या गुळगुळीत थरात शाई मुरत नाही, म्हणूनच तुमचा हात बरबटला. पक्कं पेनने, कच्चं पेन्सिलीने.

साधं डिजिटल प्रेस १३ बाय १९ इंचापर्यंतच छापतं, त्यामुळे तिथे ए२ ला नाही म्हणतील. आर्किटेक्ट लोकांचे नकाशे छापून देणाऱ्या प्लॉटरवाल्याकडे जा, २४ इंची रोलवर ए२ आरामात निघतो. त्यांचा कागद जरा पातळ असतो, मागे पुठ्ठा लावा. पीडीएफच्या तळाशी बरोबर १०० मिमीची एक रेघ काढून ठेवा. छापून झाल्यावर तिच्यावर पट्टी धरा. ९६ भरली तर समजा की कोणीतरी `Fit` वर ठेवून छापलंय, `Actual size` वर नाही.

पण पैसे घालवण्याआधी घरच्या ए४ वर जून, जुलै, ऑगस्टचा वरचा अर्धा भाग खऱ्या मापात छापा आणि फ्रिजशेजारी चिकटवून आठवडाभर वापरा.

वेलची

आठवडा झाला, म्हणून धागा वर काढतेय. तीन महिन्यांचा तुकडा चिकटवला. "स्वा. दंतवैद्य ५.३०" एका ओळीत बसतं आणि खाली आणखी एक नोंद मावते. सासूबाईंना तारखेचे आकडे दिसत नव्हते, ते ८ वरून १२ पॉइंट केले. मुलाने स्वतःच्या वाढदिवसाभोवती इतके बदाम काढले की त्या आठवड्यात दुसरं काही लिहिता येत नाही, त्यावर उपाय नसावा.

नवऱ्याची पाळी अजून सुटलेली नाही. चौकोनाच्या डाव्या कडेला ३ मिमीची उभी पट्टी रंगवून पाहिली: पहिली पाळी कोरी, दुसरी रेघांची, रात्रपाळी भरीव. दिसतं छान, पण पाळीचा तक्ता त्यांना फक्त महिनाभर आधी मिळतो, म्हणजे वर्षभराच्या कागदावर दर महिन्याला बसून रंगवायचं. खडीसाखर, तू हे कधी भरतेस?

खडीसाखर

दर दुसऱ्या रविवारी. खरं सांगायचं तर मार्चनंतर कंटाळले होते. पाळी फोनमध्ये ठेव, कागदावर फक्त रात्रपाळीचे आठवडे टाक, असं सुचवेन.

टिंगूशेठ

रच्याकने, आकडे देवनागरीत कसे आणले? माझ्या शीटमध्ये 1, 2, 3 च येतंय.

वेलची

नाही आणले अजून, माझंही इंग्रजीच आहे. कोणाला जमलं असेल तर सांगा, प्लॉटरवाल्याकडे शनिवारी जायचंय.