टक्के वाढले की टक्केबिंदू? चार्टवर नेमकं काय लिहायचं

आलेखवही: नमस्कार मंडळी, मी अहवालांची भाषा तपासते, एका चार्टवर अडलेय. फॉर्म ऑनलाइन भरणाऱ्यांचं प्रमाण दोन वयोगटांत मोजलंय, ज्येष्ठांमध्ये ४ टक्के होतं ते ६ टक्के झालं आणि तरुणांमध्ये ६० चं ६६ झालं (आकडे इथे सोपे करून लिहितेय). ड्राफ्टमधल्या बार चार्टवर ज्येष्ठ +२%, तरुण +६% असं आलंय आणि उभ्या अक्षावर फक्त 'बदल (टक्के)'. ज्यांना वाचायला दिला त्यातल्या एकांनी लगेच विचारलं की ४ मध्ये २ टक्के वाढ म्हणजे ४.०८ ना, मग खालच्या टेबलात ६ कुठून आले? त्यांचं वाचन बरोबरच आहे, लेबल तसंच सांगतंय. तर या नुसत्या वजाबाकीवाल्या फरकाला मराठीत काय म्हणायचं, वाचणाऱ्याला अडणार नाही असं?

भिंगातून: टक्केबिंदू. '२ टक्केबिंदूंनी वाढ' असं लिहा. ६ वजा ४ केलं तर उत्तर टक्केबिंदूत येतं, आणि तीच वाढ मूळ ४ च्या तुलनेत मोजली तर ५० टक्के. तरुणांचं ६ टक्केबिंदू आणि १० टक्के. आता गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे ही, की टक्केबिंदूत बघितलं तर तरुण पुढे आणि टक्क्यांत बघितलं तर ज्येष्ठ पाचपट पुढे, म्हणजे लेबल मोघम राहिलं तर वाचणारा कुठल्या गटाने जास्त प्रगती केली याचंच उत्तर उलटं घेऊन जाईल.

शाळेचीवाट: माझ्या मुलीच्या निकालावर पण असंच दोन आकडे होते, टक्के ८१ आणि दुसरा ९४ पॉइंट काहीतरी. तेच का हे? मला तेव्हाही कुणी नीट समजावलं नव्हतं.

भिंगातून: नाही ताई, तो पर्सेंटाइल असणार. ९४ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी साधारण ९४ टक्के मुलं तिच्या मागे आहेत, तो क्रमाचा आकडा आहे. इथे प्रश्न दोन टक्केवाऱ्यांमधल्या फरकाचा आहे. म्हणजे मागच्या परीक्षेत तिला ७२ टक्के आणि या वेळी ८१ असतील तर ९ टक्केबिंदूंनी सुधारणा, किंवा आधीच्या मार्कांच्या साडेबारा टक्के जास्त.

शाळेचीवाट: अच्छा, म्हणजे '९ टक्क्यांनी वाढले' हे आम्ही सगळेच चूक बोलतो?

रात्रपाळीडेस्क: बोलताना चालून जातं हो, कारण समोरच्याला ७२ आणि ८१ दोन्ही माहीत असतात. छापताना चालत नाही. बातमीच्या डेस्कवर आम्ही व्याजदराच्या बातम्यांत 'पाव टक्क्याने कपात' असंच लिहितो, दर ६.५० वरून ६.२५ वर आला की. काटेकोरपणे ती ०.२५ टक्केबिंदूंची किंवा २५ बेसिस पॉइंटची कपात आहे, पण ६.५० चा पाव टक्का म्हणजे जेमतेम ०.०१६, एवढीशी कपात कुठली मध्यवर्ती बँक करत नाही, म्हणून कुणी चुकीचं वाचत नाही. माझा अनुभव असा की टक्केबिंदू हा शब्द वाचून लोक थबकतात, त्यापेक्षा आपली 'वरून-वर' रचना वापरा, '४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर'. दोन्ही टोकं समोर आली की गैरसमजाला जागाच उरत नाही.

सरळरेषा: मी तर म्हणतो नियमच करा, टक्केवारीचा फरक सांगायचा असेल तर कायम टक्केबिंदूच. टक्क्यांची टक्केवारी काढणं म्हणजे आकडा फुगवून दाखवायचा धंदा. ४ चं ६ झालं त्याला '५० टक्क्यांची झेप' म्हणणं ही निव्वळ फसवणूक आहे.

मोजपट्टी: सरळरेषा, अर्धं पटतंय, अर्धं नाही. फुगवून सांगितलं जातं हे खरंच आहे. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये औषध सुरक्षेच्या सरकारी समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, म्हणजे १०० टक्के वाढ. प्रत्यक्षात ते ७००० बायकांमध्ये एकीवरून ७००० मध्ये दोघींवर असं होतं, टक्केबिंदूत मोजलं तर साधारण ०.०१४. नुसतं 'दुप्पट' ऐकून कितीतरी जणींनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी तिथे गर्भपात वाढले. इथपर्यंत मी तुमच्या बाजूने.

पण उलटं पण होतं. समजा एखाद्या मशीनवर खराब निघणारे नग ०.२ टक्के होते ते ०.४ टक्के झाले. तुमच्या नियमाने चार्टवर '+०.२ टक्केबिंदू' येईल आणि बघणारा पुढे जाईल, पण दुरुस्तीवाल्यासाठी काम दुप्पट झालंय, हजारामागे दोनाच्या ऐवजी चार नग परत येतायत. प्रमाण मुळात लहान असेल तर टक्केबिंदू बदल दडवतात आणि टक्के तो मोठा करून दाखवतात, म्हणून एकाला फसवणूक म्हणून हाकलून देण्यात अर्थ नाही.

सरळरेषा: ठीक, लहान प्रमाणाचं मान्य. पण आलेखवहींच्या चार्टला तरी टक्केबिंदूच बरे ना?

मोजपट्टी: हो, त्यांच्या चार्टला मी टक्केबिंदूच घेईन, पण कारण वेगळं आहे. तोच डेटा दुसऱ्या बाजूने बघा, ऑनलाइन न भरणारे. तरुणांमध्ये ते ४० चे ३४ झाले, म्हणजे १५ टक्क्यांनी घट. ज्येष्ठांमध्ये ९६ चे ९४ झाले, म्हणजे २ टक्क्यांच्या किंचित वर घट. आता ऑनलाइनच्या बाजूने टक्के काढले तर ज्येष्ठ पुढे (५० विरुद्ध १०) आणि ऑफलाइनच्या बाजूने काढले तर तरुण पुढे (१५ विरुद्ध २), डेटा तोच, माणसं तीच. टक्केबिंदू मात्र दोन्हीकडून ६ आणि २ च राहतात, नुसतं चिन्ह बदलतं. हो-नाही प्रकारचं प्रमाण असेल आणि कुठली बाजू मोजायची हे आपणच ठरवलेलं असेल तर हे फार महत्त्वाचं आहे.

आणि ज्येष्ठांचा तो ऑफलाइनचा आकडा परत बघा, २ टक्केबिंदू आणि २.१ टक्के, जवळजवळ सारखेच. मूळ आकडा १००च्या जवळ असला की दोन्ही मापं एकमेकांना चिकटतात, त्यामुळे अशा ओळीवर तपासणी केली तर लेबल चुकलंय हे कळतच नाही. तपासायचं तर कायम सगळ्यात लहान टक्केवारीवाली ओळ घ्या, तिथे फरक लगेच उघडा पडतो, तुमच्या ४.०८ सारखा.

आलेखवही: हे ऑफलाइनवालं डोक्यातच आलं नव्हतं, आणि अहवालात पुढच्या पानावर नेमका ऑफलाइनचाच चार्ट आहे, तो टक्क्यांत काढलेला! म्हणजे दोन पानांवर दोन मापं आणि लेबल एकच. ड्राफ्ट करणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात की % चिन्ह त्यांनी टाकलंच नाही, आपोआप आलं.

सूत्रसंचय: खरं सांगतायत ते. एक्सेलमध्ये दोन्ही कॉलम टक्क्यांच्या फॉरमॅटमध्ये असले आणि वजाबाकी केली की उत्तराचा सेल पण तोच फॉरमॅट उचलतो, त्यामुळे ०.०२ हा फरक 2% दिसतो, आणि चार्टचा अक्ष आणि बारवरचे आकडे सेलवरूनच फॉरमॅट घेतात. म्हणजे चूक चार्टमध्ये दिसते पण जन्माला येते टेबलात. दोन कॉलम वेगळे ठेवा, पहिलं टक्केबिंदूंचं आणि दुसरं टक्क्यांचं:

```
=(C2-B2)*100
=C2/B2-1
```

पहिल्याला Number फॉरमॅट द्या, तसाच टक्क्यांत राहिला तर 200% दिसेल आणि नवाच गोंधळ होईल. मी त्याला हा कस्टम फॉरमॅट देतो म्हणजे अधिक-उणे चिन्ह दिसतं आणि % येत नाही:

```
+0.0;-0.0;0.0
```

आणि अक्षाच्या Number सेटिंगमध्ये Linked to source ची खूण बघून घ्या, कुणी ती काढून % हाताने टाकलं असेल तर टेबल दुरुस्त करूनही चार्टवर % तसंच राहील. अजून एक, फरक कायम मूळ आकड्यांवरून काढा. ३.४ चं ३.६ झालं आणि टेबलात पूर्णांक करून ३ आणि ४ छापले, मग त्यावरून कुणी टक्के काढले तर ३३ टक्के वाढ निघते, खरी वाढ ६ टक्क्यांच्याही आत आहे.

रात्रपाळीडेस्क: हे पूर्णांकाचं बातम्यांत फार होतं, प्रेसनोटमध्ये गोल आकडे येतात आणि आम्ही त्यावर गणित करतो. चांगलं सांगितलंत.

पारिभाषिक: शब्दाबद्दल माझं वेगळं मत. 'टक्केबिंदू' कृत्रिम वाटतो, 'टक्के अंक' म्हणा की, अंक शब्द सगळ्यांच्या ओळखीचा.

भिंगातून: अंक नको. बाजाराचा निर्देशांक '३०० अंकांनी घसरला' असं रोज छापून येतं, तिथला अंक टक्केवारीचा नाहीच. एकाच पानावर दोन्ही आले तर वाचणारा कशाला काय समजेल?

पारिभाषिक: मग 'टक्के-पॉइंट'? बोलताना लोक 'दोन पॉइंटनी वाढलं' म्हणतातच.

रात्रपाळीडेस्क: बोलताना हो, पण 'दोन पॉइंट' ऐकून निम्मे लोक दशांश चिन्ह समजतात, दोन पॉइंट काय? मजकुरात मी 'वरून-वर' वरच ठाम आहे.

मोजपट्टी: मजकुरात 'वरून-वर' उत्तमच, पण अक्षाला एकक लागतंच ना, तिथे 'वरून-वर' बसत नाही. अक्षाचं शीर्षक 'ऑनलाइन भरणाऱ्यांच्या प्रमाणातला बदल (टक्केबिंदू)' आणि प्रत्येक बारच्या टोकाला किंवा गटाच्या नावाखाली बारीक अक्षरात '४% → ६%'. शब्द अनोळखी असला तरी बाजूचे दोन आकडे तो समजावून देतात. शक्य असेल तर फरकाचा बार काढूच नका, प्रत्येक गटासाठी दोन ठिपके आणि मधे रेघ काढा, ४ वर एक, ६ वर एक. मग अक्ष साध्या टक्क्यांचा राहतो आणि हा सगळा वाद अक्षावर तरी येत नाही.

आलेखवही: ठिपके-रेघवालं करून बघितलं आत्ता. तरुणांची ६० ते ६६ ची रेघ छान दिसते पण ज्येष्ठांची ४ ते ६ ची रेघ ० ते १०० च्या अक्षावर जेमतेम दिसतेय, दोन ठिपके एकमेकांवर चढलेत.

मोजपट्टी: मग दोन गटांना वेगळे अक्ष देऊ नका, तसं केलं तर दोन्ही रेघा सारख्याच लांब दिसतील आणि तेच दिशाभूल करेल. अक्ष ० ते ७० करा, चार्टची रुंदी वाढवा आणि ठिपके लहान करा. तरी नाही जमलं तर बारवर परत या, टक्केबिंदूच्या लेबलसकट.

आलेखवही: बारवरच येतेय. अक्षावर 'प्रमाणातला बदल (टक्केबिंदू)', गटाच्या नावाखाली ४% → ६% आणि ६०% → ६६%, आणि पुढच्या पानावरचा ऑफलाइनचा चार्ट पण टक्केबिंदूत करून घेतेय. मजकुरात एक वाक्य घालतेय, 'ज्येष्ठांमध्ये ऑनलाइन भरणाऱ्यांचं प्रमाण ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलं, म्हणजे आधीच्या दीडपट.' ५० टक्के म्हणण्यापेक्षा दीडपट बरं वाटलं.

भिंगातून: दीडपट मस्त आहे, त्यात % येतच नाही.

सरळरेषा: एक राहिलं, अरुंद टेबलात कॉलमच्या डोक्यावर 'टक्केबिंदू' मावत नाही, तिथे काय? 'ट.बिं.' लिहिलं तर कुणाला कळेल?

पारिभाषिक: मी 'पीपी' लिहिलेलं पाहिलंय, पण ते फक्त अर्थशास्त्रवाल्यांना कळतं.

रात्रपाळीडेस्क: शीर्षक दोन ओळींत मोडा, 'टक्के' वर आणि 'बिंदू' खाली. संक्षेप नकोच, माझ्या मते.

सरळरेषा: मोडून बघतो, पण बारा कॉलमचं टेबल आहे माझं. कुणी चालणारा संक्षेप वापरत असेल तर सांगा.