‘तुझी मदत करतो’ : आकडा नको, ओळी दाखवा

निखळ_नाशिककर
‘मी तुझी मदत करतो’ ऐकलं की ‘हे हिंदी झालं, तुला मदत करतो म्हणा’ असं म्हणत नाक मुरडणाऱ्यांसाठी. सर्चमध्ये ‘तुझी मदत’ टाका, निकालांचा ढीग येतो. एवढे लोक लिहितात ते चूक कसं? आकडे समोर आहेत, वाद संपला.

ओळवाचक
वाद संपला म्हणालात म्हणून लिहायला बसले. सर्चमधला निकालांचा आकडा हा ढोबळ अंदाज असतो, आणि एकच मजकूर दहा ठिकाणी चिकटवलेला असला तर तो दहादा येतो. तरी तो आकडा खरा धरू. त्यात काय काय मोजलं गेलं ते एकदा पाहा. खालच्या ओळी मी वर्ग दिसावेत म्हणून मुद्दाम रचल्या आहेत, ही मोजणी नव्हे :

```
     पंपासाठी शेजाऱ्यांची | मदत | घेतली आणि
      आम्हाला तुमची | मदत | हवी आहे
     या कामात तुझी खूपच | मदत | झाली
 घोषणा होऊनही पूरग्रस्तांची | मदत | रखडली
     रात्री त्याने एका वृद्धाची | मदत | केली
```

पहिल्या तीन ओळींत ‘ची’ म्हणजे मदत देणारा. हे आपलं जुनंच मराठी, त्यावर कोणाचाच आक्षेप नाही. चौथीत ‘ची’ म्हणजे मदत घेणारा, पण तिथे मदत ही सरकारी रक्कम आहे, म्हणून तीही खटकत नाही. भांडण फक्त पाचवीचं आहे : क्रियापद ‘करणे’ आणि ‘ची’ लागलेला माणूस मदत घेणारा. तुमच्या ढिगात हे सगळे वर्ग एकत्र आहेत. शिवाय ‘तुझी मदत’ हे शब्द सलग शोधलेत तर तिसरी ओळ सापडणारच नाही, कारण मध्ये ‘खूपच’ आलंय.

मी ‘मदत’च्या सगळ्या ओळी काढते आणि उजवीकडच्या शब्दानुसार लावते. मग घेतली, झाली, मागितली, हवी असे गठ्ठे आपोआप वेगळे पडतात. ‘करणे’चा गठ्ठा उचलायचा आणि त्यात ‘ची’ किती, ‘ला’ किंवा ‘ना’ किती एवढंच पाहायचं. तेही ओळी मोजून भागत नाही. किती वेगवेगळ्या लेखकांकडे सापडतं ते बघावं लागतं, नाहीतर एकाच कादंबरीकाराची सवय अख्ख्या भाषेच्या नावावर जमा होते. माझ्याकडच्या वर्तमानपत्री मजकुरात ‘करणे’च्या गठ्ठ्यात ‘ला’ आणि ‘ना’ स्पष्टपणे पुढे आहेत. ‘ची’ आहे, पण मागे.

निखळ_नाशिककर
ओळींबद्दल आभार, पण तुमचा संग्रह कोणी पाहिलाय? मी स्वतः पायथनवर तीन वर्षांचे ब्लॉग घेऊन शब्द मोजले. माझ्या यादीत ‘तुझी’ही नाही आणि ‘तुला’ही नाही. म्हणजे दोन्ही दुर्मीळच!

ओळवाचक
‘तुझी’ दुर्मीळ? `\w+` वापरलंत ना?

```
re.findall(r"\w+", "तुझी मदत केली")
# ['त', 'झ', 'मदत', 'क', 'ल']
```

पायथनचं `re` आपल्या काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही, तिथेच शब्द तोडतं. ‘मदत’ला मात्राच नाही म्हणून ती तेवढी वाचली. तुमच्या यादीत सगळ्यात वर सुटे ‘त’, ‘क’, ‘ह’ असतील, तीच खूण. `[\u0900-\u0963\u0970-\u097F\u200D]+` वापरून बघा. शेवटचा `\u200D` विसरू नका. ‘शेजाऱ्यांची’मधलं ऱ्य दोन तऱ्हांनी टंकलं जातं, त्यातल्या एकीत तो अदृश्य जोडक असतो. मोजण्याआधी दोन्ही रूपं एक करून घ्या.

विदर्भकन्या
हे सगळं ठीक आहे, पण ‘वर्तमानपत्री मजकूर’ म्हणजे कुठला? आमच्याकडे नागपुरात आजी सर्रास ‘त्याची मदत कर’ म्हणायची. तिला हिंदी सिनेमाचा शौक नव्हता, मालिका तर तेव्हा नव्हत्याच. पुण्यात छापलेलं मोजायचं आणि मराठीचा निकाल लावायचा, याचा आता कंटाळा आला आहे. शाळेत बाईंनी माझ्या निबंधात हेच वाक्य लाल केलं होतं, वर ‘हिंदी!’ लिहून. चाळीस वर्षं झाली, अजून डोळ्यांपुढे आहे.

खिळाअक्षर
ताई, लाल करणाऱ्यांतला मीही एक. एका दैनिकात एकोणतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. ‘ची मदत केली’ दिसलं की ‘ला’ करायचो, विचारही न करता. जिल्ह्यातून आलेल्या बातम्यांत ते नेहमी असायचं. तेव्हा ओळवाचकबाईंच्या ‘स्पष्टपणे पुढे’मध्ये बातमीदारांची भाषा किती आणि माझी पेन्सिल किती, हे त्यांनी सांगावं.

ओळवाचक
नाही सांगता येत. हा मुद्दा मला मान्य करावाच लागेल, आणि सोपा नाहीये तो. छापील मजकुरात छापायला योग्य ठरलेलं मराठी मोजलं जातं, एवढंच म्हणू शकते. पण नाशिककरांचा दावाही त्याने सिद्ध होत नाही.

रंकाळा
कोल्हापूरचा म्हणून बोलतो. आमच्या शिवाजी विद्यापीठात शास्त्री सरांनी १९७८ सालच्या छापील भारतीय इंग्रजीचे ५०० उतारे जमवून दहा लाख शब्दांचा संग्रह उभा केला. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संग्रहाचा साचा घेतला, म्हणजे बातम्या किती, कथा किती, सरकारी कागद किती हे ठरवून. कोल्हापुरात काय झालं, तर इंग्रजी! मराठीला असा साचा कोणी लावायचा?

ओळवाचक
म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने मराठीचा मजकूर जमवला आहे, अगदीच शून्य नाही. पण तुमचा साचा असता तरी तो छापीलच. खिळाअक्षर यांची पेन्सिल त्यातही असती.

न्यूजर्सीची_आई
माझा मुलगा ‘आई, माझी मदत कर’ म्हणतो. घरी हिंदीचा शब्द नाही. मी ‘मला’ म्हण म्हणून सांगते. सांगणं बंद करू का?

निखळ_नाशिककर
बघा! तिथे हिंदी नाही तरी ‘माझी’!

खिळाअक्षर
एका लेकरावरून भाषा ठरवू नका. इंग्रजीतून येत असेल, शेजारच्या मुलांकडून येत असेल.

विदर्भकन्या
आणि माझ्या आजीसारख्यांचं वाक्य लाल करताना मात्र ‘हिंदीतूनच’ हे तुम्ही लगेच ठरवलंत. तेव्हा नाही शंका आली ती?

खिळाअक्षर
...बरोबर आहे. नाही आली.

ओळवाचक
नागपूरचं ‘ची मदत कर’ हिंदीतून आलं की तिथे आधीपासून होतं, हे माझ्या संग्रहातून निघणार नाही. त्याला संपादकाचा हात न लागलेला जुना मजकूर हवा, तारीख आणि गाव माहीत असलेला. आजीची पत्रं आहेत का कोणाकडे?

विदर्भकन्या
ट्रंकेत आहेत. आजोबा नोकरीनिमित्त जबलपूरला असतानाची. पण जबलपूर म्हटलं की परत हिंदी म्हणाल.

ओळवाचक
आजोबा जबलपूरला, लिहिणारी आजी नागपुरात. आजीचीच वेगळी काढा. जसं आहे तसं टंका, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा सुधारू नका.

निखळ_नाशिककर
तुमच्या पॅटर्नने पुन्हा मोजलं. ‘तुझी’ आली. ‘करणे’चा गठ्ठा वेगळा काढला तर माझ्याकडेही ‘ला’ जास्त. ‘वाद संपला’ हे मागे घेतो. ‘चूक नाही’ हे मात्र घेत नाही, कारण ब्लॉगवर ‘ची’ बऱ्याच वेगवेगळ्या लोकांकडे आहे, एक-दोघांकडे नाही.

ओळवाचक
हे वाक्य मला पटतं. पहिल्याच दिवशी असं लिहिलं असतंत तर मी उत्तरच दिलं नसतं.

विदर्भकन्या
आजीची अकरा पत्रं वाचून झाली. ‘मदत’ दोनदाच आली आहे. एकदा ‘बाळूची फार मदत झाली’, म्हणजे ओळवाचकताईंची तिसरी ओळ. दुसरीकडे ‘केली’ स्पष्ट दिसतंय, पण त्याच्या आधी घडी पडून शाई उडाली आहे. ‘सुमतीची’ आहे की ‘सुमतीला’, मला लागत नाही. फोटो टाकते आहे. खिळाअक्षरकाका, तुमची नजर त्यातली, जरा बघता का?